‘नोटीस न देता’: ओल्गा टेलिस निकालाच्या आधारे प्रशासकीय कायद्यातील निकालभाष्य लिहिण्याची पद्धत

कायद्याच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षात विद्यार्थ्यांना ‘केस कॉमेंट’ लिहायला सांगतात, तेव्हा हाती येणारे बहुतेक लेखन निकालाचा सारांश असते आणि शेवटी ‘हा निकाल ऐतिहासिक आहे’ असे एखादे वाक्य जोडलेले असते. सारांश आणि भाष्य यांत मूलभूत फरक आहे. सारांश वाचून न्यायालयाने काय म्हटले ते कळते. भाष्य वाचून न्यायालय त्या निष्कर्षापर्यंत कोणत्या पायऱ्यांनी पोहोचले, त्यांतील कोणती पायरी भक्कम आहे, कोणती डळमळीत आहे आणि तसे का म्हणता येते, हे कळले पाहिजे. ही पद्धत एकच निकाल हाती धरून दाखवलेली बरी, म्हणून या लेखात ‘ओल्गा टेलिस विरुद्ध बॉम्बे म्युनिसिपल कॉर्पोरेशन’ हा सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने १० जुलै १९८५ रोजी दिलेला निकाल घेतला आहे. तो (१९८५) ३ एससीसी ५४५ आणि एआयआर १९८६ एससी १८० येथे प्रसिद्ध झाला आहे. निकालपत्र सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी लिहिले आणि ते एकमताचे आहे.

हा निकाल निवडण्यामागे कारण आहे. उपजीविकेचा हक्क हा अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, या प्रतिपादनासाठी तो प्रसिद्ध आहे आणि त्यावरचे बहुतेक लेखन तिथेच थांबते. प्रशासकीय कायद्याच्या अभ्यासकाच्या दृष्टीने मात्र त्यातील खरा प्रश्न वेगळा आहे. नोटीस न देता अतिक्रमण काढण्याचा अधिकार कायद्यानेच आयुक्तांना दिला असेल, तर ज्याची झोपडी पडणार आहे त्याचे म्हणणे ऐकण्याचे बंधन उरते का, आणि ते मोडले गेल्यास न्यायालयाने कोणता उपाय द्यावा, हा तो प्रश्न. भाष्याची पहिली पायरी म्हणजे अशा एका प्रश्नाची निवड. निकालात पाच मुद्दे असतील तर पाचांवर लिहू नये. एक निवडावा आणि उरलेले का सोडले ते एका वाक्यात सांगावे.

वाचन: आदेशाकडून कारणांकडे

निकाल पहिल्यांदा वाचताना शेवटापासून सुरुवात करावी, म्हणजे न्यायालयाने प्रत्यक्षात कोणता आदेश दिला ते आधी पाहावे. या निकालाच्या शेवटी दिसते ते असे: पदपथांवरील अतिक्रमणे काढण्याची आयुक्तांची कारवाई समर्थनीय ठरवली गेली. पावसाळा संपून एक महिना होईपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, कोणाला हटवू नये असे सांगितले गेले. १९७६ च्या गणनेत ज्यांची नोंद झाली होती अशा पदपथवासीयांना पर्यायी जागा देण्याचे आश्वासन सरकारने पाळावे असेही म्हटले गेले, मात्र अशी जागा देणे ही त्यांना हटवण्याची पूर्वअट करण्यात आली नाही. हे आधी माहीत असले की कारणे वाचताना मनात एक प्रश्न सतत जागा राहतो: ही कारणे या आदेशाकडे नेतात का? पुढे दिसेल की या निकालावरील सर्वांत महत्त्वाची टीका याच प्रश्नातून निघते.

दुसऱ्या वाचनाआधी निकाल बाजूला ठेवून मूळ कायदा काढावा. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ मधील कलम ३१२ रस्त्यावर बांधकाम उभारण्यास मनाई करते, कलम ३१३ परवानगीशिवाय रस्त्यावर वस्तू ठेवण्यास मनाई करते, आणि या मनाया मोडून जे उभे राहिले असेल ते आयुक्त नोटीस न देता काढायला लावू शकतील, असे कलम ३१४ सांगते. येथे ‘शकतील’ आणि ‘नोटीस न देता’ या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ ओढावी. निकालात उद्धृत झालेल्या तुकड्यावर विसंबून लिहिणाऱ्याला शेजारच्या कलमांचा संदर्भ दिसत नाही, आणि प्रशासकीय कायद्यात तर जवळजवळ प्रत्येक वाद अधिकार देणाऱ्या कलमाच्या शब्दांपासून सुरू होतो.

दुसऱ्या वाचनात समासात एकच खूण करावी: हे कोण बोलत आहे? या निकालात याचिकाकर्त्यांचे, महापालिकेचे आणि राज्य सरकारचे युक्तिवाद पानेच्या पाने सविस्तर मांडलेले आहेत. नवखा वाचक महापालिकेच्या वकिलांचा युक्तिवाद न्यायालयाचे मत म्हणून उतरवून घेतो, आणि ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की ती टाळण्याचा उपाय आता सक्तीने सांगतो. पक्षकाराच्या म्हणण्यापुढे ‘प’, न्यायालयाच्या म्हणण्यापुढे ‘न्या’ आणि दुसऱ्या निकालातील उताऱ्यापुढे ‘उ’ लिहावे. तिसऱ्या वाचनात फक्त ‘न्या’ असलेले परिच्छेद सलग वाचावेत, म्हणजे तर्काची साखळी मोकळी होऊन समोर येते.

तथ्ये: जी प्रश्नाला भिडतात तेवढीच

तथ्यांचा भाग लिहिताना प्रत्येक वाक्याला एक कसोटी लावावी: हे वाक्य गाळले तर माझ्या प्रश्नाचे उत्तर बदलेल का? बदलणार नसेल तर ते गाळावे. आपल्या प्रश्नापुरता तथ्यांचा परिच्छेद साधारण असा होईल.

“१३ जुलै १९८१ रोजी महाराष्ट्राच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी मुंबईतील पदपथवासीयांना हटवून त्यांच्या मूळ गावी किंवा शहराबाहेर पाठवण्यात येईल अशी घोषणा केली. त्यानंतर महापालिकेने पदपथांवरील व रस्त्यांलगतच्या काही झोपड्या पाडल्या. विलेपार्ले पूर्व येथे द्रुतगती महामार्गाच्या जोडरस्त्यावरील कामराज नगर ही वस्तीही या कारवाईच्या कक्षेत होती. तेथील रहिवासी, पत्रकार ओल्गा टेलिस आणि नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्या दोन संघटना यांनी याचिका केल्या. पूर्वसूचना दिली नाही हे महापालिकेला अमान्य नव्हते. कलम ३१४ नुसार ती देण्याची गरजच नाही, आणि सार्वजनिक जागेवर अतिक्रमण करणाऱ्याला नोटिशीला देण्याजोगे उत्तरही नसते, असे तिचे म्हणणे होते. कोणालाही मुंबईतून सक्तीने बाहेर पाठवलेले नाही, असे राज्य सरकारने प्रतिज्ञापत्रावर सांगितले.”

या परिच्छेदात रहिवाशांच्या हलाखीचे वर्णन नाही. निकालात ते आहे आणि ते मन हेलावून टाकणारे आहे. पण आपला प्रश्न सुनावणीच्या बंधनाचा असल्याने ते येथे आले तर वाचक प्रश्नापासून दूर जाईल. उलट महापालिकेच्या म्हणण्यातील ‘देण्याजोगे उत्तर नसते’ हा भाग ठेवलाच पाहिजे, कारण पुढची सगळी चर्चा त्याभोवती फिरते. सरकारचे प्रतिज्ञापत्रही ठेवले आहे, कारण घोषणा सांगून तिच्यावरचा खुलासा गाळणे म्हणजे तथ्ये एका बाजूला झुकवणे होय.

तर्काची साखळी: आधी न्यायालयाची बाजू पूर्ण बळाने मांडावी

टीका करण्यापूर्वी न्यायालयाचा तर्क इतक्या चांगल्या रीतीने मांडावा की तो वाचून खुद्द निकाल लिहिणाऱ्या न्यायाधीशांनाही आपले म्हणणे नीट पोहोचले असे वाटेल. दुबळ्या करून घेतलेल्या तर्कावरची टीका कोणालाच पटत नाही. या निकालातील साखळी चार कड्यांची आहे.

पहिली कडी अशी की उपजीविकेचे साधन काढून घेणे म्हणजे जगण्याचे साधन काढून घेणे, म्हणून अशी कारवाई अनुच्छेद २१ च्या कक्षेत येते आणि तिची कार्यपद्धती न्याय्य व वाजवी असली पाहिजे. दुसरी कडी कलमाच्या शब्दांची आहे: कलम ३१४ आयुक्तांना नोटीस न देण्याची आज्ञा करत नाही, ते त्यांना नोटीस देऊन किंवा न देता कारवाई करण्याचा विवेकाधिकार देते, आणि विवेकाधिकार वाजवीपणेच वापरायचा असतो. तिसरी कडी या दोहोंतून निघते: म्हणणे ऐकून घेणे हा नियम आहे, न ऐकणे हा अपवाद आहे, आणि विधिमंडळाने हा अपवाद विलंब परवडणार नाही अशा तातडीच्या प्रसंगांपुरता, क्वचित वापरण्यासाठी ठेवला असे मानले पाहिजे. असा अर्थ लावल्यामुळे कलम घटनाबाह्य ठरत नाही. चौथ्या कडीत महापालिकेच्या युक्तिवादाला थेट उत्तर आहे: समोरच्याकडे उत्तर असणारच नाही असे आधीच गृहीत धरून नोटीस टाळता येत नाही, कारण सुनावणीचे मोल केवळ निर्णय बदलण्याच्या शक्यतेत नसते, ज्याच्याविषयी निर्णय होतो त्याला माणूस म्हणून सहभागी करून घेण्यातही ते असते.

या चार कड्या लिहून झाल्यावर त्यांतील निकालाचा बांधील आधार कोणता, ज्याला वर्गात आपण ‘रेशो’ म्हणतो, ते ठरवावे. त्यासाठी एक साधी चाचणी आहे. कडी काढून टाकावी आणि आदेश टिकतो का ते पाहावे. अंतिम आदेश महापालिकेच्या बाजूने गेला असल्याने उपजीविकेविषयीचे प्रतिपादन त्या आदेशासाठी कितपत आवश्यक होते, हा प्रश्न तुम्हाला या चाचणीत नक्की भेटेल. माझ्या मते कलम ३१४ ची घटनात्मकता तपासण्यासाठी ते आवश्यक होते आणि म्हणून त्याला केवळ प्रासंगिक मत म्हणता येत नाही. पण तुमचे मत वेगळे असू शकते. या भाष्यात तो उपप्रश्न आहे, त्यामुळे त्याला दोन-तीन वाक्यांपेक्षा जास्त जागा देऊ नये.

टीकेचा मुद्दा कुठे सापडतो

आता कारणे आणि आदेश शेजारी-शेजारी ठेवावेत. चौथ्या कडीनंतर वाचकाची अपेक्षा अशी होते की न्यायालय आता आयुक्तांना सुनावणी देण्याचा आदेश करील. निकालातही म्हटले आहे की एरवी आपण तसाच आदेश दिला असता. पण न्यायालय तसा आदेश देत नाही, आणि त्यासाठी दोन कारणे सांगते. एक म्हणजे आयुक्तांनी नाकारलेली संधी या न्यायालयातच याचिकाकर्त्यांना भरपूर मिळाली, तथ्यांवर आणि कायद्यावर दोन्ही बाजू सविस्तर ऐकल्या गेल्या. दुसरे म्हणजे ‘एस. एल. कपूर विरुद्ध जगमोहन’ या १९८० च्या निकालातील अपवाद: मान्य किंवा निर्विवाद तथ्यांवरून एकच निष्कर्ष शक्य असेल आणि कायद्याने एकच परिणाम अनुज्ञेय असेल, तर न्यायालय नैसर्गिक न्याय पाळायला लावणारा आदेश देणार नाही. याचे कारण नैसर्गिक न्याय अनावश्यक असतो हे नव्हे, तर न्यायालये निष्फळ आदेश देत नाहीत, हे आहे.

टीकेचा पहिला मुद्दा येथेच आहे आणि भाष्याची सर्वाधिक जागा त्याला द्यावी. उत्तर नाही म्हणून नोटीस नाही, हा युक्तिवाद महापालिकेने केला तेव्हा न्यायालयाने तो तत्त्व म्हणून फेटाळला. मग काही परिच्छेदांनंतर उत्तर नाही म्हणून सुनावणीचा आदेश नाही, असे न्यायालय स्वतः म्हणते. यावर कोणी म्हणेल की पहिले विधान प्रशासनाच्या कर्तव्याविषयी आहे आणि दुसरे न्यायालयाच्या उपायाविषयी, त्यामुळे विसंगती नाही. हा बचाव खरोखरच वजनदार आहे आणि भाष्यात तो तुम्ही स्वतःहून मांडला पाहिजे. पण त्यापुढे एक पाऊल जावे. कपूर निकालातील अपवाद लागू होण्यासाठी ‘एकच निष्कर्ष आणि एकच परिणाम’ ही अट आहे. ती येथे पूर्ण झाली होती का?

याचे उत्तर न्यायालयाच्या आदेशातच आहे. आयुक्तांनी सुनावणी घेऊन आम्ही ऐकले ते ऐकले असते तर त्यांनी जो आदेश दिला असता किंवा द्यायला हवा होता तोच आम्ही देत आहोत, अशा आशयाचे स्पष्टीकरण देऊन न्यायालय ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत मुदत देते आणि १९७६ च्या गणनेतील लोकांचा वेगळा विचार करते. म्हणजे सुनावणीनंतर निघालेला आदेश १९८१ मधील मूळ कारवाईपेक्षा वेगळा आहे. पावसाळ्यात हटवायचे की नंतर, कोणाची नोंद गणनेत आहे आणि कोणाची नाही, कोणाला पर्यायी जागा देऊ केली आहे, या प्रश्नांची उत्तरे माणसागणिक वेगळी होती. अतिक्रमण आहे की नाही या एका बाबतीत तथ्ये निर्विवाद असतील, पण केव्हा, कसे आणि कोणत्या व्यवस्थेसह हटवायचे या बाबतीत एकच परिणाम शक्य होता असे म्हणता येत नाही. निकालाची कारणे आणि निकालाचा आदेश यांतील ही फट दाखवणे म्हणजे टीका. ‘न्यायालयाने गरिबांना न्याय दिला नाही’ हे वाक्य कितीही तळमळीने लिहिले तरी ती टीका होत नाही, कारण त्यात निकालातील कोणत्याही पायरीला हात घातलेला नसतो.

दुसरा मुद्दा याच धाग्यातून पुढे जातो: न्यायालयातील सुनावणी ही आयुक्तांपुढील सुनावणीची जागा घेऊ शकते का? न्यायालय कारवाईची वैधता तपासते. विवेकाधिकार वापरणे हे आयुक्तांचे काम आहे. शिवाय न्यायालयापुढे काही रहिवासी आणि दोन संघटना होत्या, तर कारवाईची झळ पोहोचणाऱ्यांची संख्या कितीतरी मोठी होती. एकट्या कामराज नगरात ५०० हून अधिक झोपड्या होत्या. प्रातिनिधिक याचिकेत कायद्याचा प्रश्न सर्वांच्या वतीने मांडता येतो, पण माझ्या घराची १९७६ च्या गणनेत नोंद आहे, हे त्या घरातल्या माणसालाच सांगावे लागते. पुढच्याच वर्षी ‘इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स विरुद्ध एल. के. रत्ना’ या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, मूळ टप्प्यावर नाकारलेली सुनावणी अपिलात मिळाली म्हणून दोष सहसा भरून निघत नाही, अशी भूमिका घेतली. येथे तुलना करताना सावध राहावे, कारण रत्ना निकाल व्यावसायिक गैरवर्तनाच्या चौकशीचा होता आणि त्यात प्रतिष्ठेची हानी हा महत्त्वाचा घटक होता. हा फरक स्वतःहून सांगितला तर तुलना टिकते. लपवला तर तुमचा परीक्षक तो दाखवून देतो.

तिसरा मुद्दा निकालाच्या मौनाविषयी आहे आणि त्यात हात फार जपून घालावा लागतो. कलम ३१४ चा अधिकार आयुक्तांचा आहे, पण मोहिमेची घोषणा मुख्यमंत्र्यांनी केली होती. मग विवेकाधिकार खरोखर कोणी वापरला? ‘पोलीस आयुक्त, मुंबई विरुद्ध गोरधनदास भानजी’ या १९५१ च्या निकालात, चित्रपटगृहाचा परवाना पोलीस आयुक्तांनी सरकारच्या सांगण्यावरून रद्द केला तेव्हा, कायद्याने ज्याला अधिकार दिला त्यानेच स्वतःचा निर्णय घेतला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले होते. ओल्गा टेलिस निकालाच्या कारणमीमांसेत या प्रश्नाला स्वतंत्र स्थान मिळालेले नाही. हे नोंदवता येते. पण न्यायालयाला दोष देण्यापूर्वी युक्तिवादांचा भाग, म्हणजे तुमच्या ‘प’ खुणा, पुन्हा तपासाव्यात. पक्षकारांनी मुद्दा मांडला असून न्यायालयाने उत्तर दिले नसेल तर तो निकालाचा दोष होतो. मुद्दा मांडलाच गेला नसेल तर ती संधी हुकली एवढेच म्हणता येते. भाष्यात योग्य तो शब्द वापरावा, आणि तीन-चार वाक्यांत हा मुद्दा संपवावा.

नंतरचे निकाल कोठे ठेवावेत

नंतरच्या निकालांच्या उजेडात जुन्या निकालाला चूक ठरवणे सोपे असते आणि ते अन्यायाचे असते. म्हणून टीका १९८५ मध्ये उपलब्ध असलेल्या कायद्याच्या आधारे आधी पूर्ण करावी आणि नंतरचा प्रवास वेगळ्या, छोट्या भागात ठेवावा. रत्ना निकाल वर आला तो तुलनेसाठी. तो १९८५ च्या न्यायालयापुढे नव्हता हे भाष्यात लिहावेच.

या छोट्या भागासाठी दोन निकाल पुरेसे आहेत. ‘अहमदाबाद महानगरपालिका विरुद्ध नवाब खान गुलाब खान’ या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पदपथावरील अतिक्रमणाबाबत व्यवहार्य भेद केला: अतिक्रमण नुकतेच झाले असेल आणि तत्परतेने काढले जात असेल तर सविस्तर सुनावणीची गरज नाही, पण ते दीर्घकाळ राहू दिले असेल तर दहा दिवस ते दोन आठवड्यांची नोटीस वाजवी ठरेल. ओल्गा टेलिसमधील ‘नियम आणि अपवाद’ ही भाषा येथे कालावधीच्या मापात उतरलेली दिसते.

दुसरा निकाल १३ नोव्हेंबर २०२४ चा आहे. बांधकामे पाडण्याच्या कारवायांसंबंधी न्यायमूर्ती भूषण गवई आणि न्यायमूर्ती के. व्ही. विश्वनाथन यांच्या पीठाने देशभरासाठी निर्देश दिले आणि त्यांत किमान १५ दिवसांची कारणे दाखवा नोटीस व वैयक्तिक सुनावणी आवश्यक केली. मात्र रस्ता, पदपथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदी किंवा जलाशय अशा सार्वजनिक जागांवरील अनधिकृत बांधकामांना हे निर्देश लागू नाहीत, असेही त्याच निकालात म्हटले आहे. आपल्या प्रश्नासाठी हा अपवाद नियमाइतकाच महत्त्वाचा आहे. पदपथावर राहणाऱ्यांपुरता १९८५ चा निकाल आणि कलम ३१४ चा त्याने लावलेला अर्थ आजही कामाचा आहे, हे त्यातून दिसते. २०२४ च्या निकालाचे मथळे वाचून ‘आता सर्वांना १५ दिवसांची नोटीस मिळते’ असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचे सगळे भाष्य या एका वाक्यामुळे कोसळते. नंतरचा निकाल उद्धृत करताना त्यातील अपवादांचा परिच्छेद वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

समतोल निष्कर्ष

समतोल म्हणजे दोन्ही बाजूंना थोडे-थोडे बरोबर म्हणणे, असा एक गैरसमज आहे. त्यातून ‘निकालात गुण आहेत तसेच दोषही आहेत’ अशी वाक्ये जन्माला येतात आणि वाचकाला लेखकाचे मत कळतच नाही. समतोल निष्कर्षात तीन गोष्टी असाव्या लागतात: निकालातील कोणती पायरी तुम्ही स्वीकारता, कोणती नाकारता, आणि जी नाकारता तिच्या जागी न्यायालयाला त्या वेळी प्रत्यक्षात काय करता आले असते. तिसरी गोष्ट नसेल तर टीका हवेत राहते.

ती तिसरी गोष्ट ठरवताना न्यायालयासमोरची अडचण प्रामाणिकपणे मांडावी. कारवाई १९८१ मधील होती, निकालापर्यंत चार वर्षे गेली होती, महापालिकेने न्यायालयात आपली भूमिका ठामपणे मांडलेली होती, आणि प्रकरण पुन्हा आयुक्तांकडे पाठवले असते तर ठरलेल्या मताने औपचारिक सुनावणी उरकली जाण्याचा धोका होता. पदपथ चालणाऱ्यांसाठी असतात आणि महामार्गाच्या जोडरस्त्यावरील वस्तीमुळे अपघाताचा धोका होता, या न्यायालयाच्या विचारालाही वजन आहे. हे सगळे मान्य करून मग निष्कर्ष लिहावा. माझा मसुदा असा असेल:

“कलम ३१४ चा न्यायालयाने लावलेला अर्थ स्वीकारार्ह आहे. ‘शकतील’ हा शब्द विवेकाधिकार दर्शवतो आणि नोटीस टाळण्याची मुभा तातडीच्या प्रसंगांपुरती मर्यादित ठेवल्याने कलमाचा हेतूही साध्य होतो व ते घटनेशी सुसंगतही राहते. उपायाच्या टप्प्यावर मात्र न्यायालयाने कपूर निकालातील अपवाद त्याच्या अटींपलीकडे नेला, कारण कारवाईची वेळ आणि पर्यायी जागेची पात्रता यांबाबत एकाहून अधिक परिणाम शक्य होते व न्यायालयाच्या स्वतःच्या आदेशानेच ते दाखवून दिले. अतिक्रमणाचा प्रश्न पुन्हा न उघडता, केवळ १९७६ च्या गणनेतील नोंद आणि हटवण्याची वेळ या दोन बाबींपुरती, ३१ ऑक्टोबरच्या मुदतीच्या आत पूर्ण होणारी सुनावणी आयुक्तांनी घ्यावी, असा मर्यादित आदेश शक्य होता. त्याने रस्ते मोकळे होण्यास विलंब झाला नसता आणि निकालाने सांगितलेला नियम त्याच निकालातील लोकांना लागू झाला असता.”

हा मसुदा निकालाला थोर किंवा निराशाजनक म्हणत नाही. त्यातील प्रत्येक विधान आधीच्या भागात सिद्ध झालेले आहे, नवा मुद्दा एकही नाही. निष्कर्षात नवा निकाल किंवा नवा युक्तिवाद डोकावला तर समजावे की टीकेच्या भागात काहीतरी राहून गेले आहे, आणि मागे जाऊन ते तिथे लिहावे.

प्रमाण, प्रस्तावना आणि शेवटची तपासणी

२५०० शब्दांचे भाष्य असेल तर प्रस्तावनेला दीडशे, तथ्यांना तीनशे, तर्काच्या साखळीला पाचशे, टीकेला हजार ते अकराशे, नंतरच्या निकालांना अडीचशे आणि निष्कर्षाला दोनशे शब्द, असे साधारण प्रमाण ठेवावे. लिहून झाल्यावर शब्द मोजावेत. तथ्ये आणि साखळी मिळून निम्म्याहून जास्त झाली असतील तर तो सारांशच आहे.

प्रस्तावना सर्वांत शेवटी लिहावी, कारण आपण काय म्हणालो आहोत ते तेव्हाच कळते. तिच्यात निकालाचे नाव, न्यायालय, तारीख, निवडलेला प्रश्न आणि तुमचे उत्तर, इतकेच असावे. उत्तर शेवटपर्यंत राखून ठेवण्याची गरज नाही. निकालभाष्याचा वाचक ते आधी जाणून घेऊन मगच तुमची कारणे तपासतो.

शेवटी छापील प्रत घेऊन प्रत्येक वाक्याचा कर्ता पाहावा. ‘न्यायालयाने’, ‘महापालिकेने’, ‘याचिकाकर्त्यांनी’ किंवा ‘माझ्या मते’ यांपैकी कोणाचे हे विधान आहे हे प्रत्येक वाक्यातून कळले पाहिजे. ‘असे मानले जाते’, ‘असे दिसून येते’ अशी वाक्ये सापडली की ती कोणाच्या तरी नावावर टाकावीत किंवा काढून टाकावीत. न्यायालयाच्या नावावरील प्रत्येक विधानासमोर निकालपत्रातील परिच्छेदाचा क्रमांक लिहावा, आणि एससीसी व एआयआर यांपैकी कोणत्या प्रतीतील क्रमांक दिला आहे ते एकदा ठरवून शेवटपर्यंत पाळावे, कारण दोन प्रतींतील क्रमांकांची सरमिसळ झाली की वाचकाला उतारा सापडत नाही. ज्या विधानासाठी परिच्छेद सापडत नाही ते बहुधा तुमच्या खुणांतील एखाद्या ‘प’ मधून आलेले असते, आणि ते सादर करण्यापूर्वी दुरुस्त करायला अजून वेळ असतो.